साहेबांना ‘हो’ म्हणता येईल असा मेल

प्रश्न : अंबडच्या एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी साडेतीन वर्षं क्वालिटीत होते. दोन वर्षांपूर्वी ती नोकरी सोडून सिन्नरला आले. आता अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांत एमबीएसाठी अर्ज करते आहे. मुदत ५ जानेवारी. दोन्हीकडे शिफारशीचा सामायिक फॉर्म आहे आणि तो आधीच्या वरिष्ठांनी भरावा अशी अपेक्षा आहे. माझे तेव्हाचे क्वालिटी हेड आता चाकणला असतात. मी सोडलं तेव्हा ग्राहकाचं ऑडिट तोंडावर होतं, त्यामुळे ते नाराज झाले असावेत. तरी रिलीव्हिंग लेटर वेळेवर दिलं आणि जाताना ‘कळवत जा’ म्हणाले. मी मात्र काहीच कळवलं नाही. आता थेट काम पडल्यावर मेल करायचा, याची लाज वाटते. मेल लिहून ठेवलाय, पण पाठवायचं धाडस होत नाही. फोनच करू का? आणि शिफारशीचा मजकूर मीच लिहून जोडला तर त्यांना सोपं जाईल ना?

सोबतचा मसुदा :

> विषय : विनंती
>
> आदरणीय सर, सादर नमस्कार. आपण व घरचे सर्व मजेत असाल. मी आपल्याकडे क्वालिटीमध्ये होते, कदाचित आठवत असेन. इतके दिवस संपर्क ठेवला नाही याबद्दल मनापासून क्षमस्व. ऑडिटच्या वेळी मी अचानक गेले, त्याचंही फार वाईट वाटतं. आपल्या हाताखाली मी खूप काही शिकले आणि आपण माझ्यासाठी आदर्श आहात. सर, मी परदेशात एमबीएसाठी अर्ज करत आहे. त्यासाठी आपण मला एक छानसं शिफारसपत्र द्याल का? आपण खूप व्यस्त असता याची कल्पना आहे, तरी जमल्यास लवकरात लवकर द्यावं ही नम्र विनंती. सोबत बायोडेटा, गुणपत्रिका, माझे निबंध, विद्यापीठांची माहिती आणि पत्राचा मसुदा जोडला आहे.
>
> आपली विश्वासू

उत्तर :

तुम्ही मूळ मेल इंग्रजीत लिहिला होता. इथे सगळ्यांना वाचता यावा म्हणून तो मराठीत दिला आहे. पाठवताना तुम्ही आणि साहेब कामाचे मेल ज्या भाषेत लिहायचात, त्याच भाषेत पाठवा.

आधी हा मेल साहेबांच्या बाजूने बघू. सकाळची प्रॉडक्शन मीटिंग संपवून ते शॉपफ्लोअरवर निघालेत आणि चालता चालता फोन बघताहेत. पडद्यावर दिसतं तुमचं नाव, ‘विनंती’ हा विषय आणि ‘आपण व घरचे सर्व मजेत असाल’. कशाची विनंती ते कळत नाही. उघडला तर आधी माफी, मग ऑडिट, मग कौतुक, आणि विचारणा थेट शेवटाकडे. तिथेही ‘छानसं शिफारसपत्र’ आणि ‘लवकरात लवकर’ एवढंच. किती लिहायचं, कुठे लिहायचं, कधीपर्यंत, कंपनीचं लेटरहेड लागेल का, यातलं काहीच नाही. खाली पाच फायली. अशा मेलला कोणी नकार देत नाही. ‘संध्याकाळी निवांत बघू’ म्हणून तो बाजूला पडतो आणि ती संध्याकाळ येत नाही. तुम्ही त्यांच्या नाराजीला घाबरताय. मला या मेलमधली अस्पष्टता जास्त धोक्याची वाटते.

नाराजीचा विषय आधी संपवतो, कारण तुमचा सगळा मसुदा तिच्याभोवती फिरतोय. रागावलेला वरिष्ठ रिलीव्हिंग लेटर अडकवून ठेवतो किंवा शेवटच्या दिवशी भेटायचं टाळतो. तुमच्या साहेबांनी कागद वेळेवर दिला आणि ‘कळवत जा’ म्हणाले. एवढ्यावरून ते नाराज होते, असा निष्कर्ष मी काढणार नाही. दोन वर्षं फोन न करणं ही आपल्याकडे साधी गोष्ट आहे. त्यांनीही तुम्हाला केलेला नाही. उलट मेलची सुरुवात माफीने झाली की ‘अगं, तसं काही नाही’ अशी समजूत घालण्याचं काम त्यांच्यावर येतं, आणि विसरलेलं ऑडिट त्यांना पुन्हा आठवतं. तुमच्या मनात ते खरंच सलत असेल, तर त्यासाठी वेगळा फोन करा आणि त्या फोनवर शिफारशीचं नाव काढू नका. विनंतीच्या मेलमध्ये त्याचा एक शब्दही नको. ‘आपण माझ्यासाठी आदर्श आहात’ हेही काढा. काम सांगण्याआधीचं कौतुक लाच दिल्यासारखं वाचलं जातं.

आता त्यांना नेमकं काय करावं लागणार आहे ते बघू, कारण मेल त्यावरूनच बांधायचा आहे. तुम्ही म्हणता तो सामायिक फॉर्म जीमॅट परीक्षा घेणाऱ्या जीमॅक संस्थेचा असणार. त्यात वेगळं पत्र लिहायचं नसतं. विद्यापीठाच्या यंत्रणेतून शिफारस करणाऱ्याच्या मेलवर लिंक जाते. ती उघडून काही गुणांवर श्रेणी द्यायची असते आणि तीन प्रश्नांची उत्तरं लिहायची असतात. पहिल्या प्रश्नात अर्जदाराशी कामाचा संबंध काय होता ते विचारतात, त्यासाठी सुचवलेली मर्यादा ५० शब्दांची. दुसऱ्यात तशाच हुद्द्यावरच्या इतर चांगल्या लोकांच्या तुलनेत हिचं काम कसं होतं, हे उदाहरणांसकट सांगायचं, ५०० शब्द. तिसऱ्यात शिफारस करणाऱ्याने तिला दिलेली सुधारणेची सर्वांत महत्त्वाची सूचना कोणती, प्रसंग काय होता आणि तिने ती कशी घेतली, पुन्हा ५०० शब्द. काही विद्यापीठं यात स्वतःचा एखादा प्रश्न वाढवतात. तेव्हा मेल पाठवण्याआधी दोन्ही विद्यापीठांच्या प्रवेश विभागाच्या पानावर यंदाचे प्रश्न आणि मर्यादा स्वतः वाचून घ्या. तुम्ही सांगितलं त्याहून जास्त काम निघालं की ‘हो’ म्हणालेला माणूसही मनातून मागे सरकतो.

म्हणजे कामाला माप आहे. तीन उत्तरं, एकदा लिहिलेलं दुसरीकडेही बरंचसं चालेल, लेटरहेड नाही, सही-शिक्का नाही. हे तुमच्या मसुद्यात कुठेच नाही, आणि होकार सोपा होतो तो याच माहितीने. साहेबांच्या डोक्यात ‘शिफारसपत्र’ म्हटलं की एचआरकडून परवानगी आणि लेटरहेड असं चित्र असतं. अनेक कंपन्यांत एचआर फक्त नोकरीच्या तारखा आणि हुद्दा एवढंच लेखी द्यायला परवानगी देतं, आणि त्यातून तुमचे साहेब आता वेगळ्याच कंपनीत आहेत. तिथल्या लेटरहेडवर जुन्या कंपनीतल्या कामाबद्दल लिहायचं म्हणजे कोणालाही अवघडच वाटेल. ऑनलाइन फॉर्म ते व्यक्ती म्हणून भरतात. हे आधीच सांगितलं की निम्मी अडचण उरत नाही.

(ज्यांना जर्मनीत किंवा इतरत्र सहीचं पत्र पीडीएफ करून द्यावं लागतं, त्यांनी विद्यापीठ लेटरहेड मागतं का ते आधी वाचावं. मागत नसेल तर साध्या कागदावर पूर्ण नाव, आजचा हुद्दा, तेव्हाचा हुद्दा, ऑफिसचा मेल आणि फोन असं पत्र चालतं. हेही विनंतीच्या मेलमध्येच एका वाक्यात सांगून टाका.)

या सगळ्यावरून, आणि तुमच्या कामाचे जे तपशील तुम्ही मला कळवलेत त्यांवरून, तुमचा मेल मी असा बदलेन :

> विषय : एमबीए अर्जासाठी तुमची शिफारस – २० डिसेंबरपर्यंत जमेल का?
>
> नमस्कार सर,
>
> मी (पूर्ण नाव). अंबडला तुमच्या टीममध्ये साडेतीन वर्षं होते, ग्राइंडिंग लाइनची क्वालिटी माझ्याकडे होती. मी अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांत एमबीएसाठी अर्ज करते आहे. त्यासाठी तुम्ही माझी शिफारस कराल का?
>
> तुम्हालाच विचारते आहे, कारण पिनच्या गोलाईची तक्रार आपण सोडवली तेव्हा माझं काम तुम्ही जवळून पाहिलं होतं, आणि माझं काय चुकतंय तेही तुम्हीच स्पष्ट सांगितलं होतं. विद्यापीठं हेच दोन्ही विचारतात.
>
> काम असं आहे : विद्यापीठाकडून मेलवर लिंक येईल. तिथे काही गुणांवर श्रेणी आणि तीन प्रश्न आहेत, एक सुमारे ५० शब्दांचा, दोन जास्तीत जास्त ५०० शब्दांचे. दोन्हीकडे तेच प्रश्न आहेत. साधारण दोन तासांचं काम आहे. लेटरहेड किंवा शिक्का लागत नाही. शेवटची तारीख ५ जानेवारी आहे, पण २० डिसेंबरपर्यंत झालं तर बरं होईल.
>
> तुम्हाला जमणार असेल तर माझ्या कामाचे मुद्दे एका पानावर त्याच दिवशी पाठवते.
>
> वेळ नसेल, कंपनीच्या नियमात बसत नसेल, किंवा माझ्याबद्दल ठामपणे लिहिण्याइतकं आता आठवत नसेल, तर तसं मोकळेपणाने सांगा. माझ्याकडे दुसरी सोय आहे. २० नोव्हेंबरपर्यंत ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढं कळवलंत तरी पुरे.
>
> (नाव, मोबाईल नंबर)

यातल्या दोन-तीन गोष्टींवर तुम्ही अडखळाल, म्हणून त्यांची कारणं देतो.

पहिली म्हणजे शेवटचा परिच्छेद. ‘नाही म्हणायची वाट मीच का दाखवायची?’ असं वाटेल. पण अवघडून दिलेला होकार तुमच्या काहीच उपयोगाचा नाही. ‘मेहनती, प्रामाणिक, टीममध्ये मिसळून काम करते’ अशी तीन विशेषणांची शिफारस प्रवेश समितीला एवढंच सांगते, की या माणसाकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. ‘ठामपणे लिहिण्याइतकं’ हे शब्द मुद्दाम घातले आहेत. ज्याला तुमच्याबद्दल लिहायला फारसं सुचत नाही, त्याला इथून मान राखून बाहेर पडता येतं. आणि ‘दुसरी सोय आहे’ हे खरं असायला हवं. मेल पाठवण्याआधी दुसरं नाव ठरवून ठेवा. त्याच कारखान्यातले प्रॉडक्शन मॅनेजर चालतील, किंवा ग्राहकाच्या बाजूचे जे इंजिनिअर तुमच्या लाइनचं ऑडिट करायला यायचे, तेही. तुमचं काम रोज पाहिलेला माणूस हवा. तुम्ही ज्यांना दोनदाच भेटलात असे व्हाइस प्रेसिडेंट मोठ्या हुद्द्यामुळे मोहात पाडतील, पण तिसऱ्या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नसेल.

दुसरी गोष्ट, मेलला एकही फाईल जोडलेली नाही. तुमचे निबंध आणि गुणपत्रिका त्यांना लागतच नाहीत. एक पानाचे मुद्दे लागतील, पण होकारानंतर. पहिल्याच मेलला फायली लावल्या की उत्तर देण्याआधी त्या वाचायला हव्यात असं वाटतं, आणि मेल पुन्हा त्या निवांत संध्याकाळवर जातो.

तिसरी, तारखा. स्वतःची मुदत विद्यापीठाच्या मुदतीच्या सोळा दिवस आधी ठेवली आहे, कारण डिसेंबरच्या शेवटी लोक रजेवर जातात आणि कारखान्यात त्याच सुमारास महिनाअखेरीची डिस्पॅचची घाई असते. मेल पाठवायलाही महिन्याचा शेवटचा आठवडा टाळा, तेव्हा क्वालिटीवाला माणूस कोणाचंच काही वाचत नाही. दिवाळीच्या सुट्टीत पाठवलेला मेल परतल्यावर शंभर मेलखाली गाडला जातो. तुमच्या बाबतीत नोव्हेंबरचा दुसरा आठवडा, तोही दिवाळीची सुट्टी चुकवून, मधल्या वारी सकाळी पाठवणं योग्य.

फोनचं म्हणाल, तर विनंती फोनवर करू नका. आपल्याकडे फोनवर कोणी माजी सहकाऱ्याला ‘नाही’ म्हणत नाही. ‘हो हो, देऊ की’ म्हणतात, आणि फोन ठेवल्यावर ना तारीख लक्षात राहते, ना किती काम आहे ते. मेल पाठवा आणि त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर एवढंच टाका : ‘नमस्कार सर, आज तुम्हाला एक मेल केला आहे. सवडीने बघाल का?’ ज्यांना मेलपेक्षा व्हॉट्सॲपची सवय आहे त्यांच्यापर्यंत तो पोहोचतो, आणि तपशील मेलमध्येच राहतो, म्हणजे हवा तेव्हा सापडतो.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. शिफारशीचा मजकूर तुम्ही लिहून देऊ नका. आपल्याकडे ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ ही पद्धत इतकी रुळलेली आहे की तुम्हाला त्यात वावगं वाटलं नाही, हे मी समजू शकतो. पण शिफारस ही शिफारस करणाऱ्यानेच लिहावी अशी विद्यापीठांची अट असते आणि अर्जदाराने लिहिल्याचं आढळलं तर अर्जच बाद होऊ शकतो. आढळतं ते बहुधा भाषेवरून, कारण तुमचे निबंध आणि ही उत्तरं एकच माणूस पाठोपाठ वाचतो. शिवाय तुम्ही स्वतःबद्दल जे लिहाल ते तुम्हाला दिसलेलं असेल. साहेबांना काय दिसलं, यासाठी विद्यापीठ हा फॉर्म मागवतं.

त्यांना सोपं करायचं तर आठवणी द्या. तुमच्या बायोडेटात एक ओळ आहे : ‘ग्राइंडिंग लाइनची गुणवत्ता सुधारली.’ यावरून साहेबांना काहीही आठवणार नाही. पण पिनची जी हकिकत तुम्ही मला कळवलीत, ती मुद्द्यांच्या पानावर अशी लिहा :

> सेंटरलेस ग्राइंडिंगच्या पिनवर ग्राहकाच्या असेंब्लीत तक्रार यायची, पिन घट्ट बसते म्हणून. आपल्याकडे मायक्रोमीटरवर व्यास सगळीकडे मापात यायचा, त्यामुळे आपण तक्रार दोनदा परत पाठवली. तिसऱ्यांदा मी पिन व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल लावून फिरवली, तेव्हा काटा एका फेरीत तीनदा हलला. पिन किंचित तीनकोनी झाली होती. वर्क रेस्ट ब्लेड झिजून पिनचं केंद्र खाली आलं होतं. ब्लेड बदलून उंची पुन्हा लावली, आणि दर शिफ्टला व्ही-ब्लॉकची तपासणी चेकशीटमध्ये घातली. मी असेपर्यंत ती तक्रार पुन्हा आली नाही.

तीनकोनी गोलाई असलेल्या पिनचा व्यास समोरासमोरच्या दोन बिंदूंवर कुठूनही मोजला तरी सारखाच येतो, म्हणून मायक्रोमीटरला ती दिसत नाही. व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यावर फिरवली की दिसते. हे साहेबांना तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. त्यामुळे काटा तीनदा हलल्याचं वाचलं की तो दिवस त्यांच्या डोळ्यांपुढे येईल, आणि पुढचं ते त्यांच्या शब्दांत लिहितील. कदाचित इतर इंजिनिअर मायक्रोमीटरवर थांबले आणि ही थांबली नाही, असं लिहितील. दुसऱ्या प्रश्नात हीच तुलना विचारलेली आहे, आणि ती फक्त तेच करू शकतात. मुद्द्यांच्या पानावर ‘मी इतरांपेक्षा सरस होते’ असं तुम्ही लिहायचं नाही.

इथे एक काळजी घ्या. ग्राहकाचं नाव, पार्ट नंबर, दर दहा लाख भागांमागे किती नाकारले गेले ते आकडे पानावर नकोत. ती जुन्या कंपनीची गोपनीय माहिती आहे, आणि साहेबांनाही ती बाहेर लिहिता येणार नाही. ‘तक्रार पुन्हा आली नाही’ एवढं पुरतं.

तिसऱ्या प्रश्नावर आपले वरिष्ठ हमखास अडतात. जुन्या माणसाचं वाईट कसं लिहायचं, म्हणून ‘ती जरा जास्तच काम करते’ असलं काहीतरी लिहून मोकळे होतात, आणि वाचणाऱ्याला तो टाळाटाळीचा वास लगेच येतो. म्हणून त्यांनी खरोखर दिलेली एखादी सूचना तुम्हीच आठवून द्या. तुम्ही लिहिलं आहे की दोष दिसला की तुम्ही शिफ्ट इनचार्जला न सांगता थेट ऑपरेटरला मशीन थांबवायला लावायचात, आणि साहेबांनी केबिनमध्ये बोलावून हे बंद करायला सांगितलं होतं. हे घ्या. दोन वाक्यं पुरेत : ‘शिफ्ट इनचार्जला डावलून मशीन थांबवू नकोस, असं तुम्ही सांगितलं होतं. त्यानंतर मी शिफ्टच्या सुरुवातीला इनचार्जबरोबर आदल्या दिवसाचे दोष बघायला लागले.’ पुढे ते काय लिहितील ते त्यांच्यावर सोडा. बदल अर्धाच झाला होता असं त्यांना वाटत असेल, तर तसं लिहू द्या. असं उत्तर जास्त विश्वासार्ह ठरतं.

एका पानावर असे तीन प्रसंग पुरेत. वर तुम्ही तिथे कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत होतात, तुमचा हुद्दा आणि साहेबांचा तेव्हाचा हुद्दा लिहा. फॉर्मच्या पहिल्या प्रश्नाला ते लागतं, आणि तारखा तुमच्या अर्जाशी जुळल्या पाहिजेत. एमबीए कशासाठी करताय, ते दोन ओळींत. बस. दुसरं पान सुरू झालं तर तिसरा प्रसंग गाळा.

इतकं करूनही साहेब म्हणाले, ‘मला वेळ नाही, तूच लिही, मी टाकतो’, तर असं उत्तर द्या : ‘सर, विद्यापीठाची अट आहे की मजकूर माझा नसावा. वीस मिनिटं फोनवर बोलू का? तुम्हाला काय आठवतं ते तुम्ही सांगा, राहिलेल्या तारखा आणि तपशील मी सांगते, मग तुम्ही लिहा.’ बोलून झाल्यावर बहुतेकांना लिहिणं जड जात नाही. एवढ्यावरही नाहीच म्हणाले, तर दुसऱ्या नावाकडे वळा.

होकार येईपर्यंत विद्यापीठाच्या फॉर्ममध्ये त्यांचं नाव भरू नका. अनेक यंत्रणा नाव आणि मेल जतन केल्याबरोबर लिंक पाठवून देतात, आणि तुमच्या विनंतीआधी विद्यापीठाचा मेल पोहोचला तर तुम्ही गृहीत धरलंत असा अर्थ होतो. होकार आला की पहिला प्रश्न हा : ‘लिंक कोणत्या मेलवर पाठवू?’ विद्यापीठांना ऑफिसचा पत्ता बरा वाटतो, खासगी पत्ता दिला तर काही ठिकाणी पडताळणीसाठी विचारणा होते. पण ऑफिसचे सर्व्हर बाहेरून आलेला आपोआप पाठवलेला मेल कधीकधी अडवतात. म्हणून लिंक पाठवली त्या दिवशी कळवा : ‘सर, विद्यापीठाकडून लिंक गेली आहे, दिसली नाही तर स्पॅममध्ये बघाल का?’ आठवडाभर तुमच्या पानावर लिंक न उघडल्याचं दिसत असेल, तर ती पुन्हा पाठवायची सोय तिथेच असते. त्यांना विचारून पत्ता बदलूनही पाठवता येते.

त्याच फॉर्ममध्ये तुम्हाला विचारतील, ही शिफारस पुढे वाचण्याचा हक्क तुम्ही सोडता का? अमेरिकेत १९७४ च्या एका कायद्याने विद्यार्थ्याला स्वतःच्या नोंदी बघण्याचा हक्क आहे आणि प्रवेशानंतर शिफारसपत्रंही त्यात येऊ शकतात, म्हणून हा प्रश्न. हक्क सोडा, आणि साहेबांना तसं कळवा. तुम्ही वाचणार नाही हे माहीत असलं की तेही मोकळेपणाने लिहितात आणि समितीही ते जास्त मनावर घेते.

उत्तर आलंच नाही तर? २० नोव्हेंबर उलटल्यावर दोन दिवसांनी त्याच मेलला उत्तर म्हणून एकदा विचारा. नवा मेल नको, म्हणजे सगळा तपशील खाली दिसतो. ‘बघतो’, ‘करू काहीतरी’, ‘आठवण कर मला’ असं आलं, तर तो होकार धरू नका. ‘सर, २० डिसेंबर जमेल असं धरू का?’ एवढं विचारा. त्यावरही गप्प राहिले, तर नोव्हेंबर संपायच्या आत दुसऱ्या नावाला हाच मेल पाठवा, फक्त ‘तुम्हालाच विचारते आहे, कारण’ हा परिच्छेद नव्याने लिहा. तो परिच्छेद जसाच्या तसा दुसऱ्याला गेला, तर वाचणाऱ्याला कळतं.

होकारानंतरच्या आठवणी दोनच. १० डिसेंबरच्या सुमारास एक, तेव्हा विचारायचं की मुद्द्यांत काही कमी आहे का. दुसरी १८ तारखेला, लिंक कोणत्या तारखेला, कोणत्या विषयाने आली ते सांगून. रोज ‘सर झालं का’ नको. फॉर्म जमा झाला की तुमच्या अर्जाच्या पानावर तसं दिसतं. त्याच दिवशी दोन ओळींचे आभार. जानेवारीची मुदत असलेल्या, म्हणजे दुसऱ्या फेरीच्या अर्जांचे निकाल साधारण मार्चमध्ये लागतात. निकाल काहीही लागो, तो त्यांना तुम्हीच आधी कळवा. पेढे न्यायचे असतील तर तेव्हा न्या, फॉर्म भरायच्या आधी नको.

ज्यांना एमबीए नाही, नुसता नोकरीसाठी संदर्भ हवा आहे, त्यांचा मेल याहून बराच छोटा होईल. त्यांनी माजी वरिष्ठांना लिहायला लावू नये. ‘तुमचं नाव आणि नंबर देऊ का, अमुक पदासाठी, अमुक आठवड्यात फोन येईल, दहा मिनिटं लागतील’ एवढंच विचारावं आणि पदाच्या जाहिरातीतली मुख्य तीन कामं खाली लिहून द्यावीत. लिंक्डइनवर शिफारस हवी असेल, तर विनंतीच्या खिडकीतला तयार मजकूर पुसून टाका, आणि कोणत्या कामाबद्दल चार ओळी हव्यात ते लिहा.